फ्लॅटच्या फॉयरचं रेंडर: चपलांचं कपाट, कन्सोल, आरसा आणि छताचा उबदार दिवा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं एकाच फॉयरवर बेतलेली आहेत, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. फॉयर साडेचार फूट रुंद (१३७० मिमी) आणि आठ फूट लांब (२४४० मिमी). मुख्य दार आखूड भिंतीत, आत उघडणारं, पल्ला १००० मिमी रुंद. दारातून आत येताना बिजागऱ्या उजवीकडे आहेत, त्यामुळे पल्ला उघडला की उजव्या भिंतीशी जातो. फर्निचर सगळं डाव्या भिंतीला. फॉल्स सीलिंग जमिनीपासून २६५० मिमीवर. खिडकी नाही, दुसऱ्या टोकाला फॉयर थेट हॉलमध्ये उघडतो. सॉफ्टवेअर Blender, रेंडर इंजिन Cycles. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावं बदलतील, हिशेब तोच राहील.

रेंडर सुरू करण्याआधी जागेवर कोणती मापं घ्यायची?

लांबी, रुंदी, उंची सगळेच घेतात. राहून जातं ते भिंतीवरचं. बहुतेक फ्लॅटमध्ये मुख्य दारालगतच डीबी, म्हणजे एमसीबीची पेटी, असते. त्याखेरीज बेलचा स्विच, इंटरकॉमचा पॉइंट आणि दिव्याचा बोर्ड. या प्रत्येकाचं जमिनीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं अंतर लिहून आणा. हे मॉडेलमध्ये नसलं की रेंडर देखणं होतं आणि आरसा लावायच्या दिवशी कळतं की आरशाची जागा नेमकी डीबीवर आली आहे. डीबी आरशामागे कायमची बंद करता येत नाही. ट्रिप झालेला स्विच वर करायला तिथे हात पोचलाच पाहिजे. मग आरसा सरकतो, कन्सोल सरकतं आणि मंजूर झालेलं चित्र कागदावरच राहतं.

दाराच्या चौकटीची जाडी आणि चौकट कोपऱ्यापासून किती आत आहे, हेही घ्या. आपल्या उदाहरणात चौकट दोन्ही बाजूंना ६० मिमी आहे आणि तिच्या बाहेर दोन्हीकडे १२५ मिमी भिंत उरते. पुढच्याच प्रश्नात हे लागणार आहे.

चपलांचं कपाट दाराला लागून ठेवलं तर काय बिघडतं?

रेंडरमध्ये काहीच बिघडत नाही, कारण तिथे दार बंद असतं. घरात पल्ला उघडताना कपाटावर आदळतो.

बिजागरी डाव्या भिंतीपासून ११८५ मिमीवर आहे. पल्ल्याचं टोक तिच्याभोवती १००० मिमी त्रिज्येचा चाप काढत आत येतं. कपाटाची खोली ३५० मिमी धरली, तर दाराच्या भिंतीपासून कपाट निदान किती लांब सुरू व्हायला हवं ते असं निघतं:

```
y = √(L² − (h − d)²)
L = 1000, h = 1185, d = 350
y = √(1000² − 835²) ≈ 550
```

म्हणजे ५५० मिमी. वर थोडी मोकळीक ठेवून कपाट ६०० मिमीवर सुरू करा. कपाट ९०० मिमी रुंद केलं की ते १५०० मिमीवर संपतं, आणि तिथून ९०० मिमीचं कन्सोल २४०० मिमीपर्यंत जातं. भिंत २४४० मिमीची, ४० मिमी शिल्लक. फार नाही, पण गिलावा कोपऱ्यात काटकोनात क्वचितच असतो, तेव्हा ती लागतेच.

सुरुवातीची ६०० मिमी भिंत वाया गेली असं समजू नका. पल्ला उघडल्यावर हात पहिल्यांदा तिथेच जातो, त्यामुळे दिव्याचा बोर्ड, किल्ल्यांचे हुक आणि छत्री अडकवायची जागा हीच.

मॉडेलमध्ये पल्ला वेगळा ऑब्जेक्ट ठेवा आणि त्याचा `Origin` बिजागरीच्या रेषेवर आणा. मग `R Z -90` दाबून दार फिरवून पाहता येतं. पूर्ण उघडल्यावर पल्ला आणि कपाट यांच्यात साधारण ८०० मिमी राहतात, मुठीचे आणखी ६० मिमी वजा करा. फ्रिज आत नेण्याचा दिवस आठवून हा आकडा घरमालकाला आधीच सांगितलेला बरा.

कपाटाची खोली कमी करून वाट रुंद करता येईल का?

येईल, पण किंमत मोजून. साध्या शटरच्या कपाटात ३५० मिमीतून मागचा ६ मिमी प्लाय आणि पुढचं १८ मिमी शटर गेलं की आत ३२६ मिमी उरतात. पुरुषांचा नऊ नंबरचा बूट सुमारे ३०० मिमी लांब भरतो. ३०० मिमीच्या कपाटात तो सरळ मावत नाही, शटर बंद होत नाही आणि लोक बूट आडवे टाकायला लागतात. खोली खरंच कमी हवी असेल तर खाली बिजागरी असलेले, तिरके उघडणारे फ्लॅप घ्या. ते २०० मिमीच्या आसपास बसतात, पण त्यात उंच बूट जात नाहीत.

आपल्या कपाटाची उंची १०५० मिमी आहे. खाली १०० मिमी पाया, वर-खाली १८ मिमीचा प्लाय आणि मध्ये चार फळ्या धरल्या, तर प्रत्येकी १६८ मिमीचे पाच कप्पे होतात. एका कप्प्यात मोठ्यांचे चार जोड, म्हणजे एकूण वीस. एक फळी काढता येण्यासारखी ठेवा, नाहीतर पावसाळी गमबूट कायम बाहेर जिन्यात.

हवा खेळायला शटरमध्ये फटी किंवा जाळी हवी आणि ती रेंडरमध्ये दिसायला हवी. गुळगुळीत बंद शटर मंजूर करून घेऊन नंतर त्याला भोकं पाडली तर घरमालक चिडणारच.

कॅमेरा कुठे ठेवायचा? १४ मिमीची लेन्स चालेल का?

चालते, आणि साडेचार फुटांचा फॉयर हॉटेलच्या लॉबीसारखा दिसतो. म्हणूनच ती टाळा. कपाट जवळच्या टोकाला ताणलं जातं, दार लांब पळतं आणि ताबा मिळाल्यावर घरमालक विचारतो, ‘एवढीच जागा?’

२४ मिमी ही या कामासाठी खाली जायची मर्यादा धरा. कॅमेरा फॉयरच्या आत ठेवायचा हट्ट सोडा आणि हॉलमध्ये मागे जा. आपल्या उदाहरणात कॅमेरा दाराच्या भिंतीपासून ३९०० मिमीवर, म्हणजे फॉयरच्या तोंडापासून १४६० मिमी मागे आहे. डाव्या भिंतीच्या रेषेपासून तो ८०० मिमीवर आणि जमिनीपासून १२५० मिमी उंच आहे. डोळ्यांच्या उंचीवरून, १६०० मिमीवरून, पाहिलं तर कन्सोलचा वरचा पृष्ठभागच चित्रभर होतो आणि खालचं कपाट दबतं.

`Rotation X` बरोबर 90° ठेवा. चित्र वर-खाली करायचं असेल तर कॅमेरा झुकवू नका, `Shift Y` वापरा. झुकवला की चौकटीच्या उभ्या रेषा तिरक्या होतात आणि अरुंद जागेत ते लगेच डोळ्यांत भरतं.

आरशात काळं किंवा राखाडी का दिसतं?

कारण आरसा जिकडे पाहतो तिकडे तुम्ही काही बांधलेलंच नाही. Cycles मधला आरसा खरं प्रतिबिंब दाखवतो, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरचंही. मटेरियल सोपं आहे: `Metallic` 1, `Roughness` 0, `Base Color` 0.9 च्या आसपास. अडचण मटेरियलची नसते, रिकाम्या जागेची असते.

आरशात काय येणार हे रेंडर न करताही काढता येतं. प्लॅनवर कॅमेऱ्याचा बिंदू आरशाच्या पलीकडे तितक्याच अंतरावर उलटा मांडा. आपला कॅमेरा आरशाच्या भिंतीपासून ८०० मिमी आत आहे, म्हणजे त्याची प्रतिमा भिंतीपलीकडे ८०० मिमीवर. आरसा ६०० मिमी रुंद, कन्सोलवर मधोमध, म्हणजे दाराच्या भिंतीपासून १६५० ते २२५० मिमी. आता त्या प्रतिमेपासून आरशाच्या दोन कडांमधून दोन रेषा पुढे न्या. त्या दाराच्या भिंतीला डाव्या कोपऱ्यापासून साधारण ५९० आणि १०९० मिमीवर लागतात. दार तर १८५ ते ११८५ मिमीमध्ये आहे. म्हणजे आरशात मुख्य दाराचा बिजागऱ्यांकडचा अर्धा भाग दिसणार, वर चौकटीची पट्टी आणि छताची कड.

एवढं कळलं की काम ठरतं. दाराची आतली बाजू नुसता सपाट चौकोन ठेवून चालणार नाही. आयहोल, वरची कडी, बिजागऱ्या आणि पल्ला-चौकटीमधली फट एवढं तरी हवं. आरसा चित्रात मोठा दिसत नाही, १०८० पिक्सेल रुंदीच्या उभ्या चित्रात सुमारे ११५ पिक्सेल. पण तो उजळ असतो, नजर तिथेच जाते.

काही घरांत मुख्य दारासमोर आरसा चालत नाही. इथे तो बाजूच्या भिंतीवर आहे, समोर नाही. फक्त कॅमेऱ्याच्या कोनामुळे त्यात दार दिसतं. घरमालकाने विचारण्याआधी हे प्लॅनवर दाखवून मोकळे व्हा.

कपाट आणि कन्सोल समोरून दाखवायचं आहे, पण मागे जायला जागाच नाही. मग?

कॅमेरा उजव्या भिंतीच्या पलीकडे न्या आणि भिंत कॅमेऱ्यापुरती नाहीशी करा. कॅमेरा डाव्या भिंतीपासून ३२०० मिमीवर ठेवला, तर उजव्या भिंतीची आतली बाजू त्याच्यापासून १८३० मिमीवर येते. `Clip Start` 1.85 m करा, भिंत कापली जाईल.

भिंत डिलीट करू नका. `Clip Start` फक्त कॅमेऱ्यातून थेट निघणाऱ्या किरणांना लागू होतो. दिव्याचा प्रकाश त्या भिंतीवरून परततो आणि आरशातही ती दिसत राहते. भिंत काढून टाकली तर हॉलचा किंवा `World` चा प्रकाश आत घुसतो आणि फॉयर बाल्कनीसारखा उजळतो.

समोरून पाहताना आरशात जेमतेम साडेचार फुटांवरची कोरी भिंत येते आणि आरसा रंगवलेल्या फळीसारखा वाटतो. उपाय खऱ्या घरातलाच: उजव्या भिंतीवर, पल्ला उघडतो त्याच्या पुढच्या भागात, एखादी फ्रेम लावा. आरशात दुसऱ्याच खोलीचा फोटो चिकटवायची युक्ती करू नये. ती पकडली जाते.

१२ वॉटचा एलईडी आहे, मग Blender मध्येही 12 W टाकायचे ना?

नाही. खोक्यावरचे वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो. Blender मधले वॉट म्हणजे दिव्यातून किती प्रकाश-ऊर्जा बाहेर पडते. १२ वॉटचं गोल पॅनल साधारण १००० लुमेन देतं, आणि तेवढ्यासाठी Blender मध्ये सुमारे 3 W पुरतात.

`Area` लाइट घ्या, `Shape` मध्ये `Disk`, व्यास 0.15 m, आणि छताच्या किंचित खाली ठेवा. चित्र अंधारं येईल. तेव्हा दिव्याचे वॉट वाढवू नका, `Color Management` मधलं `Exposure` वाढवा. या खोलीत १.५ ते ३ च्या दरम्यान जमतं. दिवे खऱ्या प्रमाणात ठेवल्याचा फायदा असा की कन्सोलवर ३ वॉटचे दोन एलईडी स्पॉट याच हिशेबाने जोडले की त्यांचा मुख्य दिव्याशी असलेला संबंध आपोआप बरोबर येतो. प्रत्येक दिवा डोळ्याला बरा दिसेल तसा वाढवत गेलात, तर रेंडर कुठल्या दिव्यांचं आहे हे वायरमनला सांगताच येणार नाही.

3000 K टाकलं तर भिंत नारिंगी झाली. दिवा चुकला का?

दिवा बरोबर आहे. खऱ्या खोलीत दोन-तीन मिनिटांत आपले डोळे त्या रंगाला सरावतात आणि पांढरी भिंत पांढरीच वाटते. रेंडरला डोळे नाहीत. त्याने पांढरा म्हणजे 6500 K धरलेलं असतं, त्यापुढे 3000 K हळदीसारखा दिसतो.

Blender 4.3 पासून `Color Management` मध्ये `White Balance` आहे. ते चालू करा आणि `Temperature` 4200 च्या जवळपास आणा. 3000 पर्यंत खाली नेलं तर भिंत कोरी पांढरी होते आणि उबच जाते, तेव्हा मध्ये थांबायचं. दिव्याचा रंग हाताने फिकट पिवळा निवडण्यापेक्षा `Blackbody` नोडला 3000 द्या, म्हणजे दुकानात मागायचा आकडा आणि रेंडरमधला आकडा एकच राहतो.

हॉलमधून दिवसाचा उजेड येत असेल तर पेच वाढतो. फॉयर उबदार ठेवला की हॉल निळा दिसतो. खिडकी नसलेल्या या जागेचं रेंडर संध्याकाळचं करा आणि हॉलमध्येही 3000 K चेच दिवे लावा. त्या घरात फॉयरचा दिवा लागणार तोही बहुधा त्याच वेळी.

छत काळवंडलेलं दिसतं. वर एक लपवलेला दिवा ठेवू का?

छतात बसवलेलं पॅनल खालीच प्रकाश टाकतं. छताला मिळतो तो जमिनीवरून आणि भिंतींवरून परतलेला. गडद टाइल, गडद लॅमिनेट आणि एकच पॅनल असेल तर ते छत खऱ्या घरातही काळवंडलेलंच दिसणार. लपवलेला दिवा टाकून तुम्ही घरमालकाला न सांगता एक दिवा विकत आहात.

आधी `Diffuse` बाउन्स ४ वरून ८ करून पाहा, कारण बंद अरुंद जागेत प्रकाश बरेच वेळा उसळतो. तरी गडद वाटलं तर टाइल फिकट सुचवा किंवा फॉल्स सीलिंगच्या कडेला खरी कोव्ह पट्टी द्या आणि ती इलेक्ट्रिकच्या ड्रॉइंगमध्येही दाखवा.

आरशासाठी छताचा एक दिवा पुरतो का?

चालायला पुरतो, आरशात पाहायला नाही. खोलीच्या मधोमधचा दिवा माणसाच्या डोक्यावर किंवा थोडा मागे येतो, आणि डोळ्यांखाली, हनुवटीखाली सावली पडते. स्पॉट आरसा आणि माणूस यांच्या मध्ये हवेत. कन्सोल २५० मिमी खोल आहे, माणूस त्याच्यापुढे उभा राहतो, म्हणून भिंतीपासून ३०० ते ३५० मिमीवर दोन स्पॉट, एकमेकांपासून ६०० मिमी. भिंतीच्या फार जवळ आणले की भिंतीवर कमानीसारखे झोत उठतात. ते हवे असतील तर ठीक, पण मग चेहऱ्यावर उजेड कमी.

रेंडरमध्ये हे तपासायला १६५० मिमी उंचीवर एक राखाडी गोळा ठेवा. त्याची आरशाकडची बाजू उजळली तर स्पॉटची जागा बरोबर आहे. गोळा नंतर काढायला विसरू नका.

रेंडरमध्ये पांढरे ठिपके पडतात. सॅम्पल्स किती ठेवू?

ठिपके बहुधा आरशाचे असतात. स्पॉटचा प्रकाश आरशावरून परतून समोरच्या भिंतीवर पडतो आणि Cycles ला ही वाट शोधणं जड जातं. `Reflective Caustics` बंद केलं की ठिपके जातात, पण समोरच्या भिंतीवरचा तो खरा उजळ पट्टाही जातो. या खोलीत आम्ही बंद ठेवण्याच्या बाजूने आहोत. पट्टा नसल्याचं कुणाला कळत नाही, ठिपके सगळ्यांना दिसतात.

सॅम्पल्स 1024, `Noise Threshold` 0.01 आणि `OpenImageDenoise` एवढं अंतिम चित्राला पुरतं. डीनॉइझनंतर लॅमिनेटच्या रेषा मेणासारख्या पुसट झाल्या असतील तर सॅम्पल्स कमी पडलेत.

लॅमिनेट खोटं का दिसतं?

दोन कारणं. पहिलं म्हणजे माप. शीट ८ × ४ फुटांची असते. टेक्श्चरची फाइल तेवढ्याच मापावर पसरा. ९०० मिमीच्या कपाटावर अख्खी शीट दाबून बसवली की लाकडाच्या रेषा खेळण्यातल्यासारख्या बारीक होतात. दोन्ही शटर एकाच शीटमधून शेजारी कापल्यासारखी रेष पुढे चालू ठेवा, उभी.

दुसरं म्हणजे कडा. खऱ्या शटरच्या कडेला ०.८ ते २ मिमीची पट्टी असते आणि दोन शटरमध्ये सुमारे ३ मिमीची, सुताराच्या भाषेत एक सुताची, फट. मॉडेलमध्ये फट ठेवा आणि कडांना १ मिमीचा `Bevel` द्या. उबदार दिवा त्या बारीक कडेवर चमकला की डोळ्याला लाकूड पटतं.

रंगाबाबत मात्र हमी देऊ नका. `AgX` भडक रंग थोडे फिके करतं आणि वर 3000 K चा परिणाम असतो. शेवटची निवड लॅमिनेटच्या तुकड्यावर, त्याच दिव्याखाली धरून करायची.

सुताराला रेंडर देऊन काम सुरू करता येईल का?

त्याला कन्सोल कसं दिसायला हवं ते कळेल, किती मोठं ते कळणार नाही. सोबत प्लॅन आणि डाव्या भिंतीचं एलिव्हेशन द्या. त्यात ६००, ९००, ९०० ही ओळ, कपाट १०५० आणि कन्सोल ८०० मिमी उंच, आरशाची खालची कड १००० आणि वरची १९०० मिमीवर, आणि डीबीची जागा एवढं लिहा. रेंडरवरून पट्टी लावून माप काढणारे सुतार आहेत, म्हणून चित्राच्या कोपऱ्यात ‘माप यावरून घेऊ नये’ असं छापा.

व्हॉट्सअॅपवर पाठवलं की चित्र धुरकट का होतं?

फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं, आणि उबदार दिव्याभोवतीच्या मऊ उतारावर पट्टे उमटतात. डॉक्युमेंट म्हणून PNG पाठवा. ‘फारच पिवळं आहे’ असा निरोप आला तर रेंडर उघडायच्या आधी विचारा, फोनवर रात्रीचा डोळ्यांना आराम देणारा मोड चालू आहे का.